महिना अर्धाच, पण रेघ कोसळलेली: चालू महिन्याची मागच्या पूर्ण महिन्यांशी तुलना कशी करायची

लक्षण काय असतं

मासिक विक्रीचा आलेख दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात उभा खाली पडतो, वीस-बावीस तारखेनंतर हळूहळू सावरतो आणि एकतीस तारखेला बाकीच्या महिन्यांच्या ओळीत येऊन बसतो. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. मालक मोबाईलवर रिपोर्ट उघडतात आणि हिशेबनिसाला विचारतात, "काय ओ, धंदा बसला की काय?" धंदा जागेवरच असतो. आलेखाने आठ दिवसांची विक्री एकतीस दिवसांच्या विक्रीशेजारी ठेवलेली असते, एवढंच.

यावर "चालू महिना अजून अपूर्ण आहे, लक्षात घ्या" अशी तळटीप टाकणं हा नेहमीचा उपाय. तो चालत नाही, कारण डोळा रेघ बघतो, तळटीप वाचत नाही. दुसरा नेहमीचा उपाय म्हणजे "मागच्या महिन्याच्या त्याच तारखेपर्यंत" तुलना करणं. तो बरा वाटतो, पण ज्या दुकानाचा धंदा वारावर चालतो तिथे तो चक्क उलटं उत्तर देऊ शकतो. हे कसं होतं ते आधी आकड्यांत बघू आणि मग शीट दुरुस्त करू.

एक उदाहरण, शेवटपर्यंत

महाद्वार रोडच्या परिसरातलं कोल्हापुरी चपलांचं एक दुकान धरा. सोमवारी बंद. मंगळवार ते शुक्रवार रोज साधारण २० हजारांची विक्री, शनिवारी ४० हजार, रविवारी अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या बाहेरगावच्या गर्दीमुळे ६० हजार. म्हणजे आठवड्याला १ लाख ८० हजार. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल घेतले आहेत, वार आणि तारखा मात्र कॅलेंडरप्रमाणे आहेत.

आता असं समजा, की धंद्यात काडीचाही फरक पडलेला नाही, प्रत्येक आठवडा अगदी सारखा. तरी महिन्यांच्या बेरजा अशा येतात: नोव्हेंबर २०२५ ला ८ लाख २० हजार, डिसेंबरला ७ लाख ६० हजार, जानेवारी २०२६ ला ८ लाख, आणि फेब्रुवारी पूर्ण झाल्यावर ७ लाख २० हजार. नोव्हेंबरात पाच शनिवार आणि पाच रविवार होते. डिसेंबरात ३१ दिवस असूनही जादा वार सोमवार, मंगळवार आणि बुधवार असे आले. फेब्रुवारी २०२६ रविवारी सुरू होऊन शनिवारी संपतो, म्हणजे नेमके चार आठवडे. जानेवारीच्या तुलनेत फेब्रुवारी दहा टक्के खाली, आणि त्यातला एक रुपयाही धंद्यामुळे कमी झालेला नाही. पूर्ण महिन्यांची आपसांतली तुलनासुद्धा इतकी कच्ची असते, हे आधी मान्य केलं की पुढचं सोपं जातं.

आता ९ फेब्रुवारी, सोमवार. दुकान बंद, रिपोर्ट बघायला निवांत वेळ. ८ तारखेपर्यंतची खरी विक्री आली आहे २ लाख २८ हजार. नेहमीच्या वेगाने ती २ लाख ४० हजार व्हायला हवी होती. म्हणजे खरी परिस्थिती अशी, की धंदा पाच टक्के मंद आहे. वेगवेगळे रिपोर्ट याच आकड्याचं काय करतात ते बघा.

नुसता मासिक आलेख: ८ लाखांवरून २ लाख २८ हजार, म्हणजे ७१ टक्क्यांहून अधिक घसरण.

मागच्या महिन्याच्या त्याच तारखेपर्यंत: १ ते ८ जानेवारीत नेहमीच्या वेगाने २ लाख झाले होते, त्यामुळे फेब्रुवारी १४ टक्के वर! कारण जानेवारीच्या पहिल्या आठ दिवसांत एकच रविवार होता, फेब्रुवारीत दोन आहेत.

दिवसांच्या सरासरीवरून महिनाअखेरचा अंदाज: २ लाख २८ हजार भागिले ८ गुणिले २८, म्हणजे ७ लाख ९८ हजार. "जानेवारीइतकंच होणार, काळजी नको."

एकच आकडा, तीन उत्तरं, आणि तिन्ही चुकीची. त्यातलं दुसरं सर्वांत घातक आहे. पहिलं बघून निदान शंका तरी येते. १४ टक्के वाढ बघून कोणी शंका घेत नाही, उलट माल जास्त मागवतो.

ट्रेंडलाइन लावली की दुखणं वाढतं

एक्सेल किंवा गूगल शीटच्या आलेखावर सरळ ट्रेंडलाइन टाकली असेल, तर ती अपूर्ण महिन्यालाही इतर महिन्यांइतकाच मान देते. आणि टोकाचा बिंदू असल्यामुळे रेघेचा उतार तोच सर्वांत जास्त ओढतो. वरचे नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीचे २ लाख २८ हजार असे चार बिंदू दिले, तर ट्रेंडलाइन दरमहा सुमारे १ लाख ७४ हजारांची घट दाखवते आणि मार्चला २ लाख १८ हजारांचा अंदाज वर्तवते. फेब्रुवारी काढून टाकला, की तीच घट दरमहा १० हजारांवर येते, आणि तीही वारांच्या हेराफेरीतून आलेली.

तेव्हा पहिला नियम: ट्रेंडलाइनला अपूर्ण महिना दाखवायचाच नाही.

दुरुस्ती: आधी कटऑफ ठरवा

`TODAY()` वर विसंबून राहू नका. आजचा दिवस अर्धा असतो, आणि कालचा पूर्ण असेलच याची खात्री नसते. दुसऱ्या काउंटरचं मशीन रात्री नेट गेल्यामुळे सिंक झालं नसेल, तर काल अर्धीच बिलं आलेली असतात. म्हणून कटऑफ म्हणजे असा शेवटचा दिवस, की ज्या दिवसापर्यंत सगळ्या काउंटरांची बिलं आली आहेत. `Bills` शीटमध्ये A ला तारीख, B ला काउंटर क्रमांक, C ला रक्कम असेल, तर `Mahina` शीटच्या H1 मध्ये:

```
=MIN(TODAY()-1,
 INT(MAXIFS(Bills!A:A,Bills!B:B,1)),
 INT(MAXIFS(Bills!A:A,Bills!B:B,2)))
```

सोमवारच्या सुट्टीमुळे हा कटऑफ रविवारवरच थांबतो, ते ठीकच आहे. पण एखादा काउंटर कायमचा बंद केला, तर कटऑफ तिथेच अडकून बसेल. रिपोर्ट आठवडाभर हलला नाही, तर आधी हा सेल बघा.

`Mahina` शीटमध्ये A2 पासून खाली प्रत्येक महिन्याची पहिली तारीख टाका. D2 मध्ये त्या महिन्याची मोजायची शेवटची तारीख, B2 मध्ये विक्री:

```
D2: =MIN(EOMONTH(A2,0),$H$1)
B2: =SUMIFS(Bills!C:C,Bills!A:A,">="&A2,
     Bills!A:A,"<"&(D2+1))
```

इथे `"<="&D2` का लिहिलेलं नाही, याला कारण आहे. बिलाच्या तारखेत वेळही असेल, तर ३१ तारखेला सकाळी ११ चं बिल हे ३१ तारखेच्या मध्यरात्रीपेक्षा "मोठं" ठरतं आणि बेरजेतून गळतं. मग प्रत्येक पूर्ण महिन्याचा शेवटचा दिवस गायब होतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. शेवटचा दिवस शनिवार-रविवार असेल, तर हा फटका मोठा असतो. ३१ जानेवारी २०२६ शनिवारीच होती.

वेळेचाच आणखी एक घोळ आहे. तो चपलांच्या दुकानाला बाधत नाही, पण गावच्या दूध संस्थेच्या संकलनाला हमखास बाधतो. सॉफ्टवेअर तारीख जागतिक वेळेत साठवत असेल, तर पहाटे साडेपाचच्या आधीची नोंद आदल्या दिवसावर पडते. १ तारखेच्या पहाटेचं दूध मागच्या महिन्यात जमा होतं. एक्सपोर्ट केलेल्या तारखेत आधी साडेपाच तास मिळवा, `=A2+TIME(5,30,0)`, आणि मगच पुढे जा.

मग दिवसांऐवजी वाटे मोजा

मंगळवार ते शुक्रवार प्रत्येकी एक वाटा, शनिवारचे दोन, रविवारचे तीन, सोमवारचा शून्य. पूर्ण आठवड्याचे नऊ वाटे. या हिशेबाने नोव्हेंबर ४१ वाट्यांचा होता, डिसेंबर ३८, जानेवारी ४०, फेब्रुवारी ३६. आणि १ ते ८ फेब्रुवारी या आठच दिवसांत १२ वाटे येऊन गेले, कारण दोन रविवार. १ ते ८ जानेवारीत मात्र दहाच.

शीटमध्ये हे `NETWORKDAYS.INTL` ने निघतं. त्यातली सात अंकांची ओळ सोमवारपासून सुरू होते, १ म्हणजे तो वार मोजू नको, ० म्हणजे मोज. E2 मध्ये:

```
=IF(D2<A2,NA(),
 NETWORKDAYS.INTL(A2,D2,"1000011",Suttya!$A$2:$A$30)
 +2*NETWORKDAYS.INTL(A2,D2,"1111101",Suttya!$A$2:$A$30)
 +3*NETWORKDAYS.INTL(A2,D2,"1111110",Suttya!$A$2:$A$30))
```

`Suttya` शीटमध्ये सोमवार सोडून दुकान बंद राहिलेल्या तारखा लिहा. बंदची हाक, घरातलं कार्य, काहीही असो. सुरुवातीची `IF` अट काढू नका. १ तारखेला सकाळी कटऑफ अजून मागच्या महिन्यात असतो, त्यामुळे शेवटची तारीख पहिल्या तारखेच्या आधीची होते, आणि हे फंक्शन अशा वेळी मुकाट्याने उणे संख्या देतं. विक्री शून्य असल्याने दरही शून्य निघतो. महिन्याच्या पहिल्याच दिवशी आलेख शून्यावर आदळलेला दिसला, तर कारण हेच.

उलट प्रकारही होतो. २६ जानेवारी २०२६ सोमवारी आली होती. जोडून सुट्टी म्हणून दुकान उघडं ठेवलं असेल, तर विक्री येते पण वाटा शून्य, आणि जानेवारीचा दर फुगतो. हे फंक्शन दिवस वजा करू शकतं, वाढवू शकत नाही. अशा दिवसांचे वाटे वेगळ्या रकान्यात हाताने लिहून E2 मध्ये मिळवावे लागतात. आपल्या उदाहरणात दुकान त्या दिवशी बंदच होतं.

आता F2 मध्ये `=B2/E2`, म्हणजे एका वाट्यामागची विक्री. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी तिन्ही २० हजार. फेब्रुवारी २ लाख २८ हजार भागिले १२, म्हणजे १९ हजार. पाच टक्के खाली, जे खरं होतं तेच. महिनाअखेरचा अंदाज हवाच असेल, तर १९ हजार गुणिले ३६, म्हणजे ६ लाख ८४ हजार. मालकांना सांगताना या आकड्याची तुलना जानेवारीच्या ८ लाखांशी करू नका, नेहमीच्या वेगाने फेब्रुवारीत जे झालं असतं त्या ७ लाख २० हजारांशी करा. नाहीतर सगळी मेहनत करूनही "साडेचौदा टक्के घट" हाच आकडा त्यांच्या डोक्यात राहतो.

वाटे ठरवायचे कुठून

अंदाजाने नाही. मागचे १३ पूर्ण आठवडे घ्या, दसरा-दिवाळीसारखे आठवडे त्यातून वगळा, प्रत्येक तारखेची बेरीज करा आणि मग वारानुसार सरासरी काढा. इथे हटकून होणारी चूक म्हणजे बिलांच्या यादीवर थेट `AVERAGEIFS` लावणं. त्यातून रविवारच्या सरासरी *बिलाची* रक्कम मिळते, रविवारच्या विक्रीची नाही. रविवारी बिलं जास्त फाटतात, एकेक बिल मोठं असेलच असं नाही. म्हणून आधी तारखेनुसार पिव्हट, मग त्या पिव्हटवर सरासरी.

मंगळवार ते शुक्रवारच्या सरासरीला १ धरून बाकीचे वार त्या पटीत लिहा. २.१ आले तर २ करा. दोन-तीन दशांशांपर्यंत जाण्यात अर्थ नाही, एवढ्या आठवड्यांतून तेवढी अचूकता मिळतच नाही. वर्षातून दोनदा तपासले की पुरे, पण मधल्या काळात बदललेत तर मागच्या सगळ्या महिन्यांना तेच नवे वाटे लावा. जुने महिने जुन्या वाट्यांवर आणि नवे नव्यावर ठेवले, तर जोडावर एक खोटी पायरी उमटते.

आलेख कसा काढायचा

दोन मालिका ठेवा. G2 पूर्ण महिन्यांसाठी, I2 चालू महिन्यासाठी:

```
G2: =IF(EOMONTH(A2,0)<=$H$1,F2,NA())
I2: =IF(EOMONTH(A2,0)>$H$1,F2,NA())
```

`NA()` च्या जागी `""` लिहू नका. एक्सेल रिकामी अक्षरओळ शून्य धरून रेघ तळाला नेतं, आणि ज्या खड्ड्यातून बाहेर पडायचं होतं तोच पुन्हा तयार होतो. `#N/A` असेल तर बिंदूच उमटत नाही आणि ट्रेंडलाइनही त्याला मोजत नाही. शीटमध्ये ते दिसायला ओंगळ वाटत असेल, तर कंडिशनल फॉरमॅटिंगने अक्षरांचा रंग पांढरा करा, सूत्राला हात लावू नका.

पहिली मालिका सलग रेघ, ट्रेंडलाइन फक्त तिलाच. दुसरी मालिका रेघेशिवाय, नुसता पोकळ ठिपका. जानेवारीपासून फेब्रुवारीच्या ठिपक्यापर्यंत तुटक रेघ ओढायचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. तुटक असली तरी डोळा तिचा उतार वाचतोच. ठिपक्याशेजारी "८ फेब्रु.पर्यंत, ३६ पैकी १२ वाटे" असं लेबल द्या. किती पुरावा हाताशी आहे ते त्यातून आपोआप कळतं.

महिन्याचा पहिला पूर्ण आठवडा, म्हणजे नऊ वाटे, होईपर्यंत ठिपका दाखवूच नये असं आमचं मत आहे. ३ तारखेला एखाद्या लग्नघराने एकदम पंधरा जोड नेले की दर तीस टक्क्यांनी उडतो. I2 मध्ये `AND(EOMONTH(A2,0)>$H$1,E2>=9)` अशी अट घातली की काम झालं. फक्त १ तारखेला E2 मध्ये `#N/A` असतं, त्यामुळे I2 मध्येही तेच येतं, आणि ते योग्यच आहे.

आणि पाच टक्के घट खरी की नुसता चढउतार? मागच्या १३ आठवड्यांचा प्रत्येकाचा वाट्यामागचा दर काढा. तो एरवीही १८ ते २२ हजारांत हेलकावे खात असेल, तर १९ हजारांवर बैठक बोलवायची गरज नाही. एरवी १९,७०० ते २०,३०० मध्येच राहत असेल, तर मात्र विचारपूस करा.

वाट्यांची भानगड नको असेल तर

महिना हे एककच सोडून द्या आणि रोज मागच्या २८ दिवसांची बेरीज काढा. २८ दिवसांत प्रत्येक वार नेमका चारदा येतो, अपूर्ण काही उरतच नाही, सूत्रही सोपं. K रकान्यात तारखा असतील तर:

```
=SUMIFS(Bills!C:C,Bills!A:A,">="&(K2-27),
 Bills!A:A,"<"&(K2+1))
```

८ फेब्रुवारीला ही बेरीज येते ७ लाख ८ हजार, नेहमीच्या ७ लाख २० हजारांच्या जागी. म्हणजे दोन टक्क्यांहून कमी घट. दिशा बरोबर आहे, पण पाच टक्क्यांची मंदी जुन्या वीस दिवसांत मिसळून फिकी झाली. ही रेघ खोटं बोलत नाही, उशिरा बोलते. रोज बघायच्या आलेखासाठी आम्ही हीच वापरायला सांगू. महिन्याचं टार्गेट आणि त्यावरचं कमिशन असेल, तिथे वाटे लागतातच.

हे दोन्ही उपाय जिथे थकतात

सणांपुढे. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी, त्याच तारखेपर्यंत तुलना करणाऱ्यांनी जोतिबाची चैत्र यात्रा आठवावी. चैत्र पौर्णिमा २०२४ ला २३ एप्रिलला होती, २०२५ ला १२ एप्रिलला, २०२६ ला २ एप्रिलला. "१ ते १० एप्रिल" असं मोजलं, तर २०२६ मध्ये यात्रेची गर्दी आत येते आणि २०२५ मध्ये बाहेर राहते. नवरात्राचंही तेच. २०२४ ला घटस्थापना ३ ऑक्टोबरला, तर २०२५ ला २२ सप्टेंबरला. ऑक्टोबरची ऑक्टोबरशी तुलना केली, तर एका बाजूला पूर्ण नवरात्र आणि दुसऱ्या बाजूला जेमतेम शेवट आणि दसरा. शिवाय २०२६ ला अधिक ज्येष्ठ आल्यामुळे पुढचे सगळे सण पुन्हा उशिरा सरकतात.

इथे वारांचे वाटे पुरत नाहीत आणि २८ दिवसांची खिडकीही नाही. सणाचा दिवस शून्य धरून त्याच्या आधीचे १५ आणि नंतरचे ५ दिवस असा वेगळा तुकडा काढा आणि तो मागच्या वर्षीच्या तशाच तुकड्याशी ताडून बघा. मासिक आलेखातून ते दिवस विक्री आणि वाटे दोन्ही बाजूंनी वगळा. नुसती विक्री वगळून वाटे तसेच ठेवले, तर नेमक्या सणाच्या महिन्यात दर तळाला गेलेला दिसतो. आलेख दुरुस्त केल्यावरही ऑक्टोबरच खाली का दिसतो, असा प्रश्न आला तर आधी हेच तपासा.